फ्रिजचे कुलूप आणि कवितेतला ‘मी’

सांगलीत आमच्या एका लहानशा साहित्य मंडळाची काव्यवाचनाची बैठक दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरते. पंचवीस-तीस माणसे, एक माईक, शेवटी चहा, एवढाच त्याचा थाट. गेल्या पावसाळ्यात मिरजेहून आलेल्या एका कवयित्रीने तिथे एक कविता वाचली. कवितेतली सून सांगते की सासूने फ्रिजला कुलूप घातले आहे आणि किल्ली कमरेला खोचली आहे. रात्री बाळाच्या दुधासाठी उठलेली सून फ्रिजला टेकून उभी राहते. आत गारवा कोंडलेला असतो आणि तिच्या पाठीला लागते ती फ्रिजची कोमट बाजू. कविता तिथेच थांबते. चहाच्या वेळी दोघी-तिघींनी कवयित्रीला बाजूला घेऊन विचारले, “ताई, घरी सगळं ठीक आहे ना?” रात्री मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर सासवांच्या छळावर चर्चा रंगली आणि कुणीतरी तिच्या घरचा पत्ताही ओळखीचा असल्याचे कळवले. तिसऱ्या दिवशी असे उघड झाले की तिच्या सासूबाई तिच्या लग्नाआधीच काही वर्षे वारल्या होत्या आणि घरातल्या फ्रिजला कुलूप कधीच नव्हते. तेव्हा कालपर्यंत हळहळणारी माणसेच चिडली. “म्हणजे आम्हाला फसवलं!” असा सूर निघाला. पुढच्या बैठकीत कार्यकारिणीपुढे रीतसर सूचना आली, की यापुढे कविता पाठवण्याच्या अर्जात एक रकाना असावा: ‘कविता स्वानुभवावर आधारित आहे काय? होय / नाही.’

या सूचनेवर आमच्याकडे दोन महिने वाद चालू आहे आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी घालत आहेत, असे माझे मत झाले आहे. एक बाजू म्हणते, कवीने ‘मी’ म्हटले की ते त्याचे म्हणणे, आणि खोटे निघाले तर ती लबाडी. दुसरी म्हणते, कवीच्या आयुष्याचा कवितेशी काडीचा संबंध नाही, त्याविषयी बोलणेच असंस्कृतपणाचे. मला पहिली बाजू भाबडी वाटते आणि दुसरी सोयीस्कर. कबुलीच्या वळणाने लिहिलेल्या कवितेतला ‘मी’ कवीने स्वतःच्याच आयुष्याच्या मालातून घडवलेला असतो. पण तो घडवलेला असतो. म्हणून कवितेवरून कवीच्या घरात शिरता येत नाही. उलट दिशेने मात्र जाता येते. कवीचे आयुष्य ठाऊक असेल, तर त्यातले कवितेत काय बदलले हे पाहता येते, आणि तसे पाहणे हे वाचकाचे कामच आहे. माझा सगळा वाद या दिशेविषयी आहे.

आधी ‘कबुली’ या शब्दाविषयी. अमेरिकन समीक्षक एम. एल. रोझेन्थाल यांनी सप्टेंबर १९५९ मध्ये कवी रॉबर्ट लोवेल यांच्या ‘लाइफ स्टडीज’ या कवितासंग्रहाचे परीक्षण लिहिताना ‘कन्फेशन’ हा शब्द वापरला आणि तो त्या पिढीतल्या कवींना चिकटला. त्या शब्दामागे चर्चमधली ती छोटी खोली आहे, जिथे जाळीपलीकडच्या धर्मगुरूला पाप सांगायचे असते. आपल्याकडे ती खोली नाही. आपण भाषांतर केले ‘कबुलीजबाब’, आणि तो शब्द पोलीस ठाण्यातला आहे. गंमत अशी की पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असे १८७२ च्या साक्ष्य कायद्याचे पंचविसावे कलम सांगत होते, आणि नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. दबावाखाली माणूस काय बोलेल याचा नेम नसतो, हे कायद्याला कळते. वृत्ताच्या, यमकाच्या आणि कवितेच्या आकाराच्या दबावाखाली माणूस काय बोलेल, याचा विचार मात्र आपल्या मंडळाच्या अर्जाने केलेला नाही.

हा दबाव नेमका कसा काम करतो, हे पाहायला अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांच्या ‘डॅडी’ या कवितेइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही. कारण ती कविता जगभर शिकवली जाते आणि जगभर चुकीची वाचली जाते. ती १२ ऑक्टोबर १९६२ रोजी लिहिली गेली. पाच-पाच ओळींची सोळा कडवी, बडबडगीतासारखी लय, आणि ‘ऊ’ या एकाच स्वराकडे पुन्हा पुन्हा परतणारे यमक. लहान मूल हट्टाने एकच शब्द घोकत राहावे तसा तिचा नाद आहे. बोलणारी मुलगी मेलेल्या बापाला उद्देशून सांगते, की तुझ्या काळ्या बुटात मी तीस वर्षे पायासारखी कोंडून राहिले. तुला पुरले तेव्हा मी दहा वर्षांची होते. विसाव्या वर्षी मी मरायला निघाले. हा बाप तिला नाझी दिसतो आणि स्वतः ती छळछावणीकडे निघालेली ज्यू.

आता आयुष्य शेजारी ठेवून पाहू. प्लाथ यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९३२ चा आणि वडील ऑटो प्लाथ वारले ५ नोव्हेंबर १९४० रोजी. म्हणजे वडील गेले तेव्हा मुलगी नुकती आठ वर्षांची झाली होती, दहांची नव्हती. कविता लिहिली त्या दिवशी ती एकोणतीस वर्षांची होती. तिशी पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी होते. विसाव्या वर्षीचा आत्महत्येचा प्रयत्न तेवढा खरा आहे, तो ऑगस्ट १९५३ मधला. तीन आकड्यांपैकी एक खरा, एक जरासा ओढलेला आणि एक सरळ बदललेला. बदलला का? स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूचे वर्ष मुलगी विसरली असेल, हे पटण्यासारखे आहे का? मला वाटते, तिला दहा, वीस, तीस अशा पायऱ्या हव्या होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस लिहिलेल्या ‘लेडी लॅझरस’ या कवितेत दर दहा वर्षांनी एकदा मरण्याचा हिशेब तिने उघडच मांडला आहे. आठ, वीस, एकोणतीस हे आकडे जन्मदाखल्याला शोभतात. दहा, वीस, तीस हे शापाला शोभतात, परीकथेला शोभतात, आणि ‘डॅडी’तल्या मुलीला आपले आयुष्य शापासारखेच दिसते.

वडिलांचे पाहा. ऑटो प्लाथ जर्मनीत जन्मले हे खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी, पोरवयातच ते अमेरिकेत आले, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या तीसेक वर्षे आधी. ते बॉस्टन विद्यापीठात जीवशास्त्र शिकवत आणि भुंगेमाश्यांचे अभ्यासक म्हणून ओळखले जात. त्यांचा मधुमेह वेळेवर ओळखला गेला नाही. पायाच्या बोटाला ठेच लागली, ते बोट काळे पडले, पाय कापावा लागला आणि काही आठवड्यांत ते गेले. कवितेत बापाच्या पुतळ्याला एक करडे पडलेले बोट आहे. म्हणजे बोट खरे आणि नाझी खोटा. इतक्या प्रचंड खोटेपणाच्या शेजारी इतका बारीक खरेपणा कशाला ठेवला असेल? आठ वर्षांच्या मुलीने प्रत्यक्ष पाहिले होते ते बोट. नाझी ही त्या बोटाभोवती मोठेपणी उभी केलेली भीती आहे. प्लाथ यांनी बीबीसीसाठी या कवितेला जी प्रस्तावना लिहिली तिच्यात ‘माझे वडील’ असा शब्द नाही. ही कविता एक मुलगी बोलते, तिला बापाविषयी अमुक एक मानसिक गंड आहे, तिचा बाप नाझी होता आणि आई बहुधा अंशतः ज्यू, असे त्या तिऱ्हाइतासारखे सांगतात. इतके स्पष्ट सांगूनही उपयोग झाला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वाचकांनी कविता हा निकाल मानला आणि तिच्यातल्या बापाबरोबर नवऱ्यालाही दोषी धरले. यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉलच्या कबरीवरून ‘ह्यूज’ हे नवऱ्याचे आडनाव लोकांनी एकदा नव्हे, अनेकदा खरवडून काढले. आईने १९७५ मध्ये मुलीची घरची पत्रे छापली, त्यामागे आमची मुलगी अशीही होती हे दाखवण्याची धडपड होती. मिरजेतला पत्ता शोधणारे आमचे सभासद आणि छिन्नी घेऊन कबरीवर जाणारे ते वाचक यांच्यात फरक हत्याराचा आहे.

इथे पहिल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य करायला हवा. कबुलीच्या कवितेचे बळच मुळी ‘हे खरे आहे’ या भासातून येते. वाचक ज्या सैलपणाने निसर्गकविता ऐकतो, त्या सैलपणाने तो फ्रिजच्या कुलपाची कविता ऐकत नाही. तो पुढे सरकून बसतो. मग ज्या विश्वासावर कवीने टाळी मिळवली, तो विश्वास खोटा ठरल्यावर वाचकाने रागावू नये काय? हा प्रश्न क्षुल्लक नाही, आणि त्याचे उत्तर ज्याच्यापासून हा प्रकार सुरू झाला त्या लोवेल यांनीच दिले आहे. १९६१ च्या एका मुलाखतीत ते म्हणाले की वाचकाला आपल्या हाती खरा रॉबर्ट लोवेल लागतो आहे असे वाटावे, ही माझी इच्छा होती. त्याच उत्तरात त्यांनी असेही सांगितले की तपशिलांत मी पुष्कळ ढवळाढवळ केली आहे, बरेच गाळले आहे, काहीवर भर दिला आहे. दोन्ही वाक्ये एका दमात. खरेपणाची चव आणणे हे कारागिरीचे काम आहे, असा त्याचा अर्थ. त्याच पिढीतल्या कवयित्री अ‍ॅन सेक्स्टन यांनी युद्धात मेलेल्या भावावर कविता लिहिली, तेव्हा एका समीक्षकाने त्यांच्या मृत भावाचा उल्लेख केला. सेक्स्टन यांना दोन बहिणी होत्या, भाऊ नव्हता. त्या त्याला म्हणाल्या, की मला भाऊ नव्हता खरा, पण त्या युद्धात मेलेले भाऊ आपणा सगळ्यांनाच नव्हते का? हे उत्तर पळवाटेसारखे वाटू शकते. पण ती कविता ऐकताना ज्यांना आपला मेलेला भाऊ आठवला, त्यांची फसवणूक झाली असे म्हणणे मला जमत नाही. कवीने त्यांच्याकडून पैसे घेतले नव्हते, मतही मागितले नव्हते. फक्त भाऊ आठवायला लावला.

आपल्या परंपरेला तर हे नवे असण्याचे काही कारणच नाही. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, प्रकार सांगताना कवीची उक्ती आणि ‘कविनिबद्ध वक्त्या’ची, म्हणजे कवीने उभ्या केलेल्या बोलणाऱ्याची उक्ती, असा स्वच्छ भेद केलेला आहे. क्रौंचवधानंतर वाल्मीकीच्या तोंडून निघालेल्या श्लोकाविषयी काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने बजावले, की हा मुनीचा वैयक्तिक शोक समजू नका. तो तसा असता तर दुःखाने पिळवटलेला माणूस श्लोक रचत बसला नसता. पण शास्त्रही बाजूला ठेवू. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, फडावर लावण्या रचत तेव्हा त्यातला ‘मी’ ही शृंगाराने पेटलेली बाई असे आणि शेवटच्या ओळीत नाव बापूरावांचे येई. समोर बसलेला ऊस-शाळूचा शेतकरी कधी गोंधळला का? तुकोबांनी विरहिणीचे अभंग लिहिले, त्यात ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी’ असे म्हणणारी बाई आहे. जनाबाई तर ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असे म्हणून स्वतःला वेसवाच म्हणवून घेते. वारीत हे अभंग हजारो तोंडांनी गायले जातात आणि कुणी जनाबाईच्या चारित्र्याची चौकशी करत नाही.

मग मिरजेच्या कवयित्रीचीच चौकशी का झाली? मला दिसते ते असे. पुरुष बाईच्या आवाजात बोलला की आपल्याला सोंग ताबडतोब दिसते, कारण मिशा आणि ‘मी बाई’ यांचे जमत नाही. जनाबाईच्या बाबतीत मधे विठ्ठल उभा असतो, म्हणून आपण वाच्यार्थ सोडतो. पण आजची विवाहित बाई आजच्या विवाहित बाईच्या आवाजात बोलली की बोलणारी आणि लिहिणारी यांच्यातली फट दिसेनाशी होते आणि फट दिसत नाही म्हणजे ती नाहीच असे आपण धरून चालतो. आमच्याच बैठकीत एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ‘मी खुनी आहे’ अशा ओळीने सुरू होणारी कविता वाचली होती. तिला ‘चिंतनशील’ म्हटले गेले. पोलिसांना फोन कुणी केला नाही. पुरुषाच्या ‘मी’ला आपण न मागता रूपक बहाल करतो. बाईच्या ‘मी’ला शेजारधर्म.

आता दुसरा आक्षेप, जो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. आमच्या मंडळातल्या एका तरुण कवीने तो मांडला. तो म्हणाला, “सर, आमच्या आज्याने जे सोसलं ते कुणी कवितेत मांडलं की तुम्ही म्हणणार, हा घडवलेला ‘मी’ आहे. म्हणजे जे जगलो त्याला पुन्हा कल्पना म्हणायची सोय झाली.” दलित आणि कष्टकरी कवितेच्या बाबतीत ‘हे खरे आहे’ हा केवळ कारागिरीचा भाग नसतो, ती साक्ष असते, आणि साक्ष नाकारण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. त्याच्या भीतीला आधार आहे, हे मी मानतो. तरीही उत्तर देतो, आणि तेही नारायण सुर्वे यांच्या आधाराने. ‘माझे विद्यापीठ’ ही कविता ‘ना घर होते, ना गणगोत’ या शब्दांनी सुरू होते. सुर्वे हे टाकून दिलेले मूल होते. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी नेले, वाढवले आणि आपले नाव दिले. म्हणजे काही वर्षे का होईना घर होते, गणगोतही होते. कवीच्या आडनावात ते आजही आहे. मग ती ओळ खोटी का? फुटपाथवर वाढलेल्या ज्या हजारो पोरांना गंगाराम भेटला नाही, त्यांच्यासाठी तो ‘मी’ बोलतो आणि त्यासाठी कवीने स्वतःच्या वाट्याला आलेले थोडे सुख कवितेबाहेर ठेवले आहे. हा ‘मी’ घडवलेला आहे असे म्हटल्याने गिरणगावातली उपासमार काल्पनिक ठरत नाही. उलट, कविता एका माणसाचा दाखला मानली की तो दाखला खोडून काढायला एक तपशील पुरतो. ‘यांना तर घर होते’ असे म्हणून एखादा बेरकी माणूस सगळी कविता निकालात काढू शकतो. साक्षीचे रक्षण करायचे असेल तर ती एका माणसाच्या जन्मदाखल्यावर टांगून ठेवता येत नाही. तरुण कवीला हे पूर्ण पटले नाही. तो म्हणाला, रकाना ठेवा, मी अभिमानाने ‘होय’ लिहीन. त्याने जरूर लिहावे. माझा विरोध त्याच्या ‘होय’ला नाही, इतरांना सक्तीने विचारण्याला आहे.

दुसऱ्या बाजूचा समाचार थोडक्यात घेता येईल. ‘कवीच्या आयुष्याकडे पाहूच नका’ हा नियम मानला असता तर आठांचे दहा झालेले मला कळले नसते, काळ्या पडलेल्या बोटाचे मोल कळले नसते आणि सुर्व्यांच्या ओळीतून वगळलेला गंगारामही दिसला नसता. चरित्र कवितेला मारत नाही. चरित्रावरून कवितेत काय गाळले, काय ताणले, हे दिसते, आणि तिथेच कवीचा हात पकडता येतो. ज्याचे चरित्र ठाऊकच नाही त्या कवीचे काय, असे विचाराल तर कवितेच्या आतही खुणा असतात. आकडे फार गोल असतात. एखादी घटना एकाच रात्रीत बसवलेली असते. बोलणारा समोरच्याला असे काही सांगतो, जे त्याला सांगण्याची गरजच नसते. ‘तुला पुरले तेव्हा मी दहा वर्षांची होते’ हे वाक्य मुलगी बापासाठी बोलत नाही, आपल्यासाठी बोलते. अशा खुणा दिसल्या की समजावे, हे बोलणे रंगमंचावरचे आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात सीतेचे सोंग उभे केले, त्या गावाला हे समजावून सांगावे लागावे, याचे मला थोडे वाईट वाटते.

पण सोयीस्कर म्हटले ते दुसऱ्या एका कारणाने. ‘तो कवितेतला मी आहे, मी नव्हे’ ही ढाल कवी स्वतःसाठी वापरू शकतो. इतरांवर वार करताना ती पुढे धरता येत नाही. लोवेल यांनी १९७३ मध्ये ‘द डॉल्फिन’ हा संग्रह काढला. त्यात त्यांनी सोडलेली पत्नी एलिझाबेथ हार्डविक हिची खाजगी पत्रे सुनीतांच्या ओळींत बसवली, परवानगी न घेता, आणि तीही बदलून. छापण्यापूर्वी हस्तलिखित वाचलेल्या कवयित्री एलिझाबेथ बिशप यांनी मार्च १९७२ मध्ये त्यांना एक लांब पत्र लिहिले. बिशप या लोवेल यांच्या जिवलग मैत्रीण, आणि कविता उत्तम आहे असे त्या आधी स्पष्ट सांगतात. स्वतःच्या आयुष्याचा माल वापरायला त्यांची हरकत नाही. सगळेच वापरतात, असे त्या म्हणतात. त्यांच्या अटी दोनच आहेत: तुला परवानगी मिळाली असती तर, आणि तू पत्रे बदलली नसतीस तर. मग ते वाक्य येते, की कला इतकीही मोलाची नसते. लोवेल यांनी थोडे फेरफार केले आणि पुस्तक छापले. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. हार्डविक यांची मूळ पत्रे वाचकांसमोर यायला २०१९ उजाडले. तोवर त्या हयात नव्हत्या. कवीने स्वतःच्या वयात दोन वर्षे मिसळली तर तो बदल त्याच्या पदरचा. जिवंत, ओळखू येणाऱ्या बाईच्या तोंडी बदललेली वाक्ये घातली तर ती बाई कुठे जाऊन सांगणार, की हे मी लिहिले नव्हते?

आणि हा दोष अमेरिकेवर ढकलून आपण सुटत नाही. तुकोबांचा ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग घ्या. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने सगळे नेले, त्याबद्दल देवाचे आभार मानणारा हा अभंग आहे. दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळ पडला ते बरे, जगात अपमान झाला तो बरा, गुरेढोरे गेली ती बरी. या यादीत प्रत्येक गोष्ट आपत्तीच असावी लागते, नाहीतर ‘बरें झालें’ला धार येत नाही. त्याच यादीत ‘बाईल कर्कशा’ येते. अभंगाच्या बांधणीने बायकोला आपत्तीच्या रांगेत उभे केले. पण परंपरा हेही सांगते, की हीच जिजाई रोज भंडारा डोंगरावर नवऱ्याची भाकरी घेऊन चढत होती. दुष्काळातल्या त्या घरात चूल कुणी पेटती ठेवली असेल? ती काय म्हणाली असती, हे कुठल्याही गाथेत नाही. तुकोबांचा ‘मी’ घडवलेला आहे, हे मी शंभर वेळा सांगेन. तरी साडेतीनशे वर्षे एका खऱ्या बाईला त्या विशेषणाचे ओझे वाहावे लागले, हे तेवढ्याने पुसले जात नाही.

म्हणून आमच्या कार्यकारिणीला मी लेखी सुचवले आहे, की ‘स्वानुभव: होय / नाही’ हा रकाना काढावा. ‘होय’ लिहिणाऱ्याने घरच्यांची अब्रू चहाच्या टेबलावर मांडायची आणि ‘नाही’ लिहिणाऱ्याची कविता लोकांनी सैल अंगाने ऐकायची, एवढेच त्यातून साधेल. तुकोबा त्यात काय लिहिणार? सुर्वे काय लिहिणार? काही विचारायचेच असेल तर एवढेच विचारावे, की एखाद्या जिवंत व्यक्तीचे नाव किंवा पत्र कवितेत वापरले आहे काय, आणि असल्यास त्या व्यक्तीला विचारले आहे काय. फ्रिजच्या कवितेत तसे काहीच नव्हते. नाव नव्हते, गाव नव्हते. सासू शोधून काढली ती आम्ही, आणि तीही अशी, जी हयातच नव्हती.

कुलूप आले कुठून, हे मीही शेवटी विचारलेच, आणि विचारायला नको होते हे विचारल्यावर कळले. ती म्हणाली, “सर, ते माझ्या आजीच्या सासरचं. फडताळाला कुलूप असायचं. दूध-दही त्यात. आई सांगायची.” मग फ्रिज का? तर तिने आधी फडताळच लिहिले होते. घरी मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले, की फडताळ म्हटले की ऐकणारा ‘पूर्वी कसं होतं नाही’ म्हणून उसासा टाकतो आणि मोकळा होतो. फ्रिज म्हटले की त्याला स्वतःचे स्वयंपाकघर दिसते. शिवाय फडताळाला कोमट बाजू नसते, आणि ती शेवटची ओळ तिला फ्रिजनेच दिली. आठाचे दहा करण्यामागे जो हिशेब होता तोच हा. ‘डॅडी’ तिने वाचलेली नव्हती.

गेल्या महिन्यात तासगावला एका कार्यक्रमात तिने ती कविता पुन्हा वाचली. मी श्रोत्यांत होतो. हातातल्या कागदावर ‘फ्रिज’ या शब्दावर पेन्सिलीने काट मारलेली लांबूनही दिसत होती आणि तिने वाचले ते ‘फडताळ’. शेवटची ओळ गाळली होती. लोकांनी उसासे टाकले, टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी आपल्या आजीची आठवण सांगितली. चहाच्या वेळी तिला कुणी काहीही विचारले नाही.